चौथं खातं

नामाजी मेंढरं वळता वळता बोलायचे आणि त्यांची सून सत्यशीला ते फोनवर टिपून घ्यायची. चॅनेल म्हणजे एवढंच होतं. कोवळी ज्वारी खाऊन मेंढरू फुगलं तर आधी काय बघायचं, खुरात सड लागली की पाय कसा धरायचा, पावसाळ्याच्या तोंडाशी कळप कुठं बसवायचा, असं सगळं नामाजी बाभळीखाली बसून सांगायचे. औषधाचं नाव मात्र ते कधी घ्यायचे नाहीत. "दवा डॉक्टरला इचारा. म्या फकस्त जनावर वाचून दाखवतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सेनगावपासून दोन कोसांवरच्या त्यांच्या गावात कुणी त्याचं फार कौतुक केलं नाही. पण सांगली, सोलापूर, बिदरकडचे मेंढके ते बघायचे आणि फोन करायचे. पाच वर्षांत पाहणाऱ्यांचा आकडा लाखाच्या वर गेला.

सत्यशीलेचा नवरा प्रभू मस्कतला एका गोदामात कामाला होता. तीन वर्षं झाली होती. चॅनेलवर जाहिराती लागल्या आणि नेमाने काही येऊ लागलं, तर दिवाळीला कायमचं घरी यायचं, असं दोघांचं ठरलं होतं. जाहिरातीसाठी व्हिडिओ दाखवणाऱ्या कंपनीकडे चॅनेलवाल्याचं एक खातं लागतं. चॅनेल नामाजींच्या नावावर, म्हणून खातंही त्यांच्याच नावाचं हवं. ते उघडायचं काम प्रभूने अंगावर घेतलं, आणि तिथंच सगळं फिसकटलं.

पहिलं खातं त्याने मस्कतमधून उघडलं. देशाच्या रकान्यात ओमान आपोआप आलं होतं. त्याने ते पाहिलं नाही, पुढे दाबलं. कंपनी पत्ता तपासायला टपालाने एक आकडा पाठवते. तो आकडा गोदामाच्या टपालपेटीच्या नावाने निघाला आणि कधीच हाती आला नाही. देश बदलायला गेला तर कळलं, एकदा भरलेला देश बदलत नाही. खातं बंद करून नवं काढावं लागतं. मग जुनं बंद न करताच त्याने दुसरं काढलं. तिकडून घरी व्हिडिओ कॉल लागत नाही म्हणून तो फोनात व्हीपीएनचा एक पडदा घालायचा, ज्याने फोन दुसऱ्याच देशात असल्यासारखा वाटतो. नवं खातं काढताना तो पडदा चालूच होता. दुसरं खातं जर्मनीचं झालं.

तिसरं सत्यशीलेने घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर काढलं. देश भारत, पत्ता गावचा, बँक हिंगोलीची. चार दिवसांनी कंपनीचा नकार आला : या व्यक्तीच्या नावाने आधीच खाती आहेत, एका माणसाला एकच खातं मिळतं.

"आता काय करावं म्हन्ता?" तिने फोनवर विचारलं.

"जोडून टाकू ना तिन्ही," प्रभू म्हणाला. "येकात येक."

खाती येकात येक होत नाहीत, हे तिला सेनगावात वैजनाथने सांगितलं. एसटी स्टँडसमोर त्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. शेतकऱ्यांचे अर्ज, पोरांच्या परीक्षा, सगळं तो भरायचा. त्याने कंपनीची मदतीची पानं हळूहळू वाचली आणि खुर्ची मागे सरकवली.

"वैनी, हे गावातल्या दोन वाट्या येका भांड्यात वतल्यावानी न्हाई. येक ठेवायचं, बाकीचे ज्याच्या त्याच्या लॉगिनमधून बंद करायचे. बंद करायच्या आधी चॅनेल त्या खात्यातून सोडवायचं, न्हाई तर ते तितंच अडकून पडतं. मंग ठेवलेल्या खात्याला जोडायचं. आन येकदा जोडलं की महिनाभर पुन्हा बदलता येत न्हाई. म्हून सावकाश करा."

त्यांनी सावकाशच केलं. प्रभूने मस्कतहून ओमानच्या खात्यात शिरून चॅनेल सोडवलं, खातं बंद केलं. मग पडदा लावून जर्मनीचं बंद केलं. दोन्हींच्या बंद झाल्याच्या मेल आल्या. सत्यशीलेने त्या छापून फायलीत लावल्या आणि भारताच्या खात्याचा अर्ज पुन्हा केला.

त्या आठवड्यात दोन-तीन फोन विचित्र आले. एकाने विचारलं, "पावडर कवा येनार?" सत्यशीला म्हणाली, कोणती पावडर, चुकीचा नंबर लागला असेल. दुसऱ्याने नामाजींचे आभार मानले आणि म्हणाला, तुमच्या डब्याचा अर्धा भाग पाण्यात घातला, आता बघू. नामाजींना ऐकायला थोडं कमी यायचं. ते "व्हय, व्हय" म्हणाले आणि फोन ठेवून मेंढरांकडे गेले. सत्यशीला तेव्हा चुलीपाशी होती. तिने ते ऐकलं आणि सोडून दिलं.

अर्जाला पुन्हा नकार आला. कारण तेच, आधीचं खातं आहे. या वेळी खाली एक ओळ होती. कंपनीने त्या जुन्या खात्याचा ईमेल अर्धा झाकून दाखवला होता : पहिलं अक्षर एन, मग टिंबं, शेवटी आकडे सात-सात-एक. देश, सायप्रस.

सत्यशीला ती ओळ बघत राहिली. सायप्रस हा देश कुठं आहे हेही तिला ठाऊक नव्हतं. तिने प्रभूला फोन लावला.

"तुमी चौथं खातं काढलं व्हतं का?"

"न्हाई."

"सात-सात-येकवालं?"

 मागे गोदामात कुणीतरी हिंदीत हाका मारत होतं.

"येक मानूस व्हता," प्रभू म्हणाला. "फोनवरच्या ग्रुपात. देशादेशातली खाती जोडून देतो म्हने. म्या त्याला बाबाचं आधार धाडलं व्हतं. आन फोनवर आलेला आकडाबी सांगितला. दोन दिवसानं त्यानं मला ग्रुपातून काढून टाकलं."

"मला काहून नाही सांगितलं?"

"तू चिडली असतीस."

ती चिडली नाही. तिने नकाराची मेल छापून फायलीत लावली.

दुसऱ्या दिवशी ती जीपने सेनगावला गेली. वैजनाथने नकाराच्या मेलमधला दुवा उघडला. एक साधं पान आलं. वर प्रश्न होता, हे खातं तुमचं आहे का? खाली दोन गोल. पहिला : होय, पण मला त्यात शिरता येत नाही. दुसरा : नाही, हे खातं मला माहीत नाही. पहिला निवडला की ओळखपत्र आणि सही मागत होते. ती जुळली की कंपनीच ते खातं बंद करणार आणि भारताचा अर्ज पुढे जाणार. दुसऱ्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की चौकशी होईल आणि ती होईस्तोवर या नावाचे सगळे अर्ज थांबतील.

"किती दिवस थांबतील?" तिने विचारलं.

"ते कुनी सांगत न्हाई. येका मास्तरचं आठ महिने लोंबकळलं व्हतं." वैजनाथने माऊसवर हात ठेवला. "नाव तुमच्या सासऱ्याचं. आधार मामांचं. तुमच्याच मान्साच्या हातून निघालं. मंग 'होय' म्हनायला काय जातंय? बंद झालं की पिडा गेली."

"पर त्यात आत काय आहे, ते बघता येतं का?"

"लॉगिन नसल्यावर कसं बघावं?"

तिने दारातून बाहेर पाहिलं. स्टँडवर हिंगोलीची गाडी लागली होती, माणसं खिडकीतून पिशव्या टाकून जागा धरत होती. दिवाळीला सात आठवडे होते. नामाजींची सही तिच्या फायलीत होती, आधारची नक्कल होती. तिने मान हलवली. वैजनाथने पहिला गोल दाबला.

पाचव्या दिवशी मेल आली. ओळख पटली, हे खातं तुमचंच असल्याची नोंद केली आहे. सायप्रसचं खातं बंद करण्याची प्रक्रिया सुरू, आणि भारताचं खातं मंजूर. सत्यशीलेने चॅनेल त्याला जोडलं. प्रभूने तिकडे नोकरी सोडायचा अर्ज टाकला. तिने गुळाचा शिरा केला आणि नामाजींनी तो दोनदा मागून घेतला.

त्यानंतर तीन दिवसांनी भावसिंग आला.

औंढ्याच्या पलीकडच्या तांड्यावरचा हा माणूस. पन्नाशीचा, डोक्याला लाल पागोटं. त्याला गावात कुणी ओळखत नव्हतं. तो दोन एसट्या बदलून आला होता आणि विचारत विचारत थेट मेंढरांच्या वाघरीपाशी, म्हणजे जाळीच्या कुंपणापाशी येऊन उभा राहिला. नामाजी आत एका कोकराचा पाय धरून बसले होते. भावसिंग त्यांच्याकडे खूप वेळ बघत राहिला.

"तुमीच नामाजी?"

"व्हय. बसा. पानी घ्या."

"पानी नको." तो कुंपणाबाहेरच उभा होता. "माह्या चौदा शेळ्या मेल्या. तुमी सांगितली तेवढीच पावडर देल्ली. येक चिमूट जास्त न्हाई. तुमीच म्हनले, डॉक्टरची गरज न्हाई."

नामाजींना वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी सुनेकडे पाहिलं.

"मामा असं कधीच म्हनत न्हाईत," सत्यशीला म्हणाली. "कोनत्या व्हिडिओत म्हनले?"

भावसिंगने खिशातून फोन काढला. त्यात एक व्हिडिओ शोधून लावला. मग त्याने फोन कुंपणावरून पुढे धरला.

पडद्यावर नामाजी होते. तीच बाभळ, तोच घोंगडीचा पदर. हा तुकडा दोन वर्षांपूर्वी तिने स्वतः घेतलेला होता, उजव्या कोपऱ्यात तिच्या ओढणीचं टोकसुद्धा दिसत होतं. पण ओठ वेगळंच बोलत होते. आवाज नामाजींचा, तोच घोगरा, मधेच दम घेणारा. "डॉक्टरच्या मागं लागू नका. माही पावडर द्या. दोन दिवसात जनावर उभं राहतं." खाली मागवायचा नंबर होता. चॅनेलचं नाव तेच होतं, फक्त शेवटी एक टिंब जास्त.

नामाजी उठले. कोकरू तीन पायांवर बाजूला गेलं. त्यांनी फोन हातात घेतला आणि कानाजवळ नेला. संपल्यावर पुन्हा लावायला सांगितलं.

"आवाज तर माहाच हाय," ते म्हणाले. "पर म्या हे बोललो न्हाई."

"मंग कोन बोललं?" भावसिंगने विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे सत्यशीलेला जास्त भीती वाटली. "म्या बायकोला सांगून राहिलो, नामाजी खोटं सांगनार न्हाई."

नामाजींनी त्याला बळेच आत बसवलं, भाकरी वाढली. त्याने अर्धीच खाल्ली. जाताना तो म्हणाला, आमच्या तांड्यावर अजून सहा घरांत ते डबे आहेत. नामाजींनी लगेच त्याच्याच फोनवरून सहाही घरांना फोन करून बजावलं. दोघांनी ऐकलं. चौघं म्हणाले, पण तुम्हीच तर सांगितलं होतं.

सत्यशीला तोवर लॅपटॉप उघडून बसली होती. त्या चॅनेलच्या माहितीच्या पानावर संपर्काचा ईमेल होता. अक्षरं न झाकलेला, पुरा. शेवटी सात-सात-एक.

तिला कळायला वेळ लागला नाही. सायप्रसचं खातं म्हणजे या चॅनेलच्या कमाईचं खातं होतं. ते बंद होतंय, म्हणजे जाहिराती थांबतील. पण खातं बंद केल्याने चॅनेल बंद होत नाही. व्हिडिओ तसेच चालणार, डबे तसेच विकले जाणार. आणि हे सगळं आपलं आहे, असं तिने नामाजींच्या सहीनिशी लिहून दिलं होतं.

तिने तक्रार टाकली, हा दुसराच कुणी माझ्या सासऱ्याचा चेहरा वापरतोय. दोन दिवसांनी उत्तर आलं. आमच्या नोंदीनुसार या चॅनेलशी जोडलेलं खातं आपण स्वतःचं असल्याचं अमुक तारखेला मान्य केलं आहे. स्वतःच्याच चॅनेलविरुद्ध तोतयेगिरीची तक्रार घेता येत नाही. तिने पुन्हा लिहिलं की ती चूक होती. त्याला उत्तर आलं नाही.

मग ती आणि नामाजी हिंगोलीला सायबर शाखेत गेले. तिथल्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं, भावसिंगचं गाव, डब्याचा फोटो, नंबर, सगळं लिहून घेतलं. फायलीतला शेवटचा कागद, 'होय' म्हटलेला अर्ज, त्यांनी दोनदा वाचला.

"हे कुणी भरलं?"

"म्या. सेनगावच्या दुकानात बसून," सत्यशीला म्हणाली.

"तक्रार मी घेतो. आज नोंदवतो. पण उद्या कुणी मेलेल्या शेळ्यांची फिर्याद घेऊन आलं, तर त्याच्या वकिलाला हाच कागद पहिला सापडेल. म्हणून ज्याने अर्ज भरायला बसवलं त्याचा आणि प्रभूचा जबाब लागेल. तुमच्याकडं त्या ग्रुपातलं बोलणं आहे का?"

प्रभूने ते बोलणं ग्रुपातून काढलं गेल्यावर पुसून टाकलं होतं. पुढे घरी आल्यावर बायकोने बघू नये म्हणून.

वैजनाथने जबाबाला यायचं कबूल केलं. दुसऱ्या दिवशी त्याचं दुकान बंद होतं, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी तो आला, डोळे खाली घालून, आणि जे झालं ते सरळ सांगून गेला. सत्यशीलेने त्याला दोष दिला नाही. मान तिने हलवली होती.

घरी येऊन तिने नामाजींना बाभळीखाली बसवलं आणि नवा व्हिडिओ घेतला. नामाजी कॅमेऱ्यात बघून बोलायचे नाहीत कधी, मेंढरांकडे बघून बोलायचे. त्या दिवशी त्यांनी सरळ बघितलं. "म्या कोनतीच पावडर इकत न्हाई. ज्याच्या घरात डबा हाय त्यानं तो पुरून टाकावा. जनावर आजारी असंल तर डॉक्टर बोलवा." दिवसभरात हजारो लोकांनी ते पाहिलं. रात्रीपर्यंत तिला जरा श्वास घेता आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी टिंबवाल्या चॅनेलवर नवा व्हिडिओ आला. त्यात नामाजी सरळ कॅमेऱ्यात बघत होते. तिच्याच व्हिडिओतली बाभळ, तोच सदरा, तीच मान. "माह्या नावानं येक नकली चॅनेल चालू हाय," ते म्हणत होते. "त्यो सांगतो पावडर टाकून द्या. त्याचं ऐकू नका." खाली लोकांनी लिहिलं होतं, बरं झालं बाबा सांगितलं. कुणी विचारलं होतं, खरा कोणता?

सत्यशीलेने ते नामाजींना दाखवलं नाही. पण दुपारी गावातल्या कुणीतरी दाखवलंच. ते घरी आले आणि उंबऱ्यावर बसून राहिले. "पोरी," ते म्हणाले, "त्याला म्या बसतो कसा, तेबी कळून राहिलं."

नवव्या दिवशी कंपनीची मेल आली. टिंबवाल्या चॅनेलवर घातक वस्तू विकल्याबद्दल कारवाई केली आहे. ते चॅनेल बंद. नियमाप्रमाणे त्याच मालकाची इतर सगळी चॅनेल आणि खाती बंद. मालक म्हणून नामाजींचं नाव होतं. सत्यशीलेने चॅनेल उघडायचा प्रयत्न केला. करडं पान आलं. कोवळी ज्वारी गेली, खुराची सड गेली, पाच वर्षांतलं सगळं गेलं. भारताचं खातंही गेलं, आणि त्या नावाने पुन्हा खातं काढता येणार नाही असं शेवटी लिहिलं होतं. अपील एकदाच करता येत होतं. तिने केलं. पोलिसांच्या तक्रारीची नक्कल जोडली, भावसिंगचं लेखी जोडलं. उत्तर चार तासांत आलं. निर्णय कायम.

प्रभूने नोकरी सोडायचा अर्ज मागे घेतला. फोनवर तो "म्याच केलं सगळं," एवढं म्हणाला. तिला त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण तिला फक्त तो पहिला गोल दिसत राहिला.

त्यांना वाटलं होतं की निदान ते टिंबवालंही गेलं. आठ दिवस फोन कमी झाले. मग सोलापूरकडच्या एका बाईचा फोन आला, शालूबाई नाव, तिच्याकडे जुनाच नंबर होता. पाच बोकडं आजारी आहेत, नव्या चॅनेलवरून डबा मागवलाय, उद्या येईल, तोवर काय करू? सत्यशीलेने शोधलं. नवं नाव होतं, पुढे 'खरे' जोडलेलं. चेहरा तोच. आणि आता त्याच्यासमोर उभं करायला खरा नामाजी फोनात कुठंच नव्हता.

तिने फोन सासऱ्यांच्या हातात दिला. नामाजींनी तो कानाला घट्ट धरला.

"बाई, डबा उघडू नका. म्या नामाजी बोलून राहिलो. डॉक्टरला बोलवा."

 मागे बोकडं ओरडत होती.

"कोन नामाजी?" शालूबाई म्हणाली. "त्यांनी सांगितलंय, जुन्या नंबरवर कोनीतरी असंच बोलंल म्हून."

तिने फोन ठेवला. नामाजींनी तो परत लावायला सांगितला. सत्यशीलेने लावला, वाजत राहिला, कुणी उचलला नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, तिने पुन्हा लावला. संध्याकाळ होईपर्यंत ते दोघं तेच करत होते. मेंढरं त्या दिवशी पहिल्यांदाच कुणी हाक न मारता आपली आपण वाघरीत येऊन उभी राहिली.